क्रॅश-२ ट्रायलच्या पेपरवरून अप्रेझल वर्कशीट: अपघात विभागात काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुणे-बेंगळुरू महामार्ग खंबाटकी घाट उतरून सातारा, कराड असा जिल्हाभर धावतो. गळीत हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्याही असतात. साताऱ्यात, कराडला किंवा मिरजेला कॅज्युअल्टीत उभ्या राहणाऱ्या इंटर्नला एक सूचना लवकरच ऐकू येते: रक्तस्राव दिसतोय, ट्रॅनेक्झॅमिक द्या. ही सूचना ज्या पेपरवर उभी आहे तो म्हणजे २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला क्रॅश-२ ट्रायल. जर्नल क्लबसाठी पहिली वर्कशीट करणार असाल तर हाच पेपर घ्या. तो मोठा आहे, भाषा सोपी आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचं उत्तर एका गोष्टीवर टांगलेलं आहे जी सारांशात दिसत नाही. ती गोष्ट कुठे सापडते आणि वर्कशीटच्या कोणत्या रकान्यात बसते, हे दाखवण्यासाठीच हा लेख आहे.

कोरा कागद आडवा धरा किंवा स्प्रेडशीट उघडा आणि चार रकाने आखा. पहिल्यात प्रश्न. दुसऱ्यात पेपर काय म्हणतो, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. तिसऱ्यात ते कुठे म्हणतो, म्हणजे पान, तक्ता किंवा आकृतीचा क्रमांक. चौथ्यात तुमचा निर्णय आणि त्याचं एका वाक्यात कारण. नवखे लोक दुसरा आणि चौथा रकाना एकत्र करून टाकतात आणि "रँडमायझेशन चांगलं होतं" असं लिहून मोकळे होतात. त्यातून लेखकांनी काय केलं तेही कळत नाही आणि तुम्ही काय ठरवलं तेही कळत नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ खोडा. पेपरमध्ये जागा सापडत नाही याचा अर्थ तुम्ही ते गृहीत धरलं आहे.

आधी ट्रायलचा प्रश्न, मग बाकी

सगळ्यात वर दोन-तीन ओळींत ट्रायलचा प्रश्न स्वतःच्या मराठीत लिहा. सारांश बाजूला ठेवून तो पद्धतीच्या विभागातून काढा. क्रॅश-२ साठी तो साधारण असा होईल: जखम होऊन आठ तासांच्या आत आलेले प्रौढ रुग्ण, ज्यांना मोठा रक्तस्राव होतोय (सिस्टॉलिक रक्तदाब ९० च्या खाली किंवा नाडी ११० च्या वर) किंवा होण्याचा धोका आहे, त्यांना ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत आणि मग एक ग्रॅम आठ तासांत दिलं, तर प्लॅसिबोच्या तुलनेत चार आठवड्यांत रुग्णालयात होणारे मृत्यू कमी होतात का?

यातल्या दोन शब्दांखाली रेघ मारा: "आठ तासांच्या आत" आणि "रुग्णालयात". पुढे दोन्ही लागतील.

निवडीचा आणखी एक निकष नवख्यांच्या नजरेतून सुटतो. हे औषध द्यावंच असं डॉक्टरला ठामपणे वाटत होतं किंवा देऊच नये असं वाटत होतं, असे रुग्ण ट्रायलमध्ये घेतलेच नाहीत. ज्यांच्याबाबत डॉक्टरच्या मनात खरी शंका होती तेवढेच घेतले. हे लिहून ठेवा, कारण लागूपणाच्या विभागात "हे रुग्ण आपल्यासारखे आहेत का" असं विचारताना याच शंकेच्या पट्ट्याचा विचार करावा लागतो.

बायस: निर्णय पेपरचा नसतो, आउटकमचा असतो

बायस तपासण्यासाठी कॉक्रेनचं रॉब-२ हे साधन पाच गोष्टी विचारतं. रँडमायझेशन कसं झालं, ठरलेल्या उपचारापासून फारकत झाली का, माहिती किती गहाळ झाली, आउटकम कसा मोजला, आणि सोयीचा निकाल निवडून छापला का. प्रत्येकाला "धोका कमी", "थोडी शंका" किंवा "धोका जास्त" असा निर्णय द्यायचा. इथे एक नियम पाळा: प्रत्येक आउटकमसाठी वेगळी ओळ. एकाच पेपरमध्ये "मृत्यू" साठी धोका कमी आणि "वेदना" साठी धोका जास्त असू शकतो. म्हणून अख्ख्या पेपराला एकच गुण देणारी वर्कशीट निरुपयोगी ठरते.

रँडमायझेशनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात आणि त्यांची गल्लत सर्रास होते. यादी कशी तयार झाली ही पहिली. इथे ती संगणकाने, आठ-आठच्या गटांत तयार केली होती. पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे रुग्ण घेणाऱ्याला आधी कळू शकत होतं का, ही दुसरी. तिला अ‍ॅलोकेशन कन्सीलमेंट म्हणतात, आणि खरा घात इथेच होतो. पुढचं पाकीट औषधाचं आहे हे कळलं तर डॉक्टर नकळत बरा दिसणारा रुग्ण त्याच्यासाठी राखून ठेवतो.

क्रॅश-२ मध्ये काही रुग्णालयांनी फोनवरून मध्यवर्ती रँडमायझेशन केलं. जिथे ते शक्य नव्हतं तिथे आठ पाकिटांची पेटी ठेवली होती आणि सगळ्यात लहान क्रमांकाचं पाकीट उचलायचं होतं. कोणाला वाटेल, गट आठचा आहे हे ठाऊक असेल तर सातव्या पाकिटानंतर आठवं ओळखता येईल. उघड ट्रायलमध्ये तसं झालंही असतं. पण इथे प्लॅसिबो साधं सलाइन होतं आणि पाकिटं दिसायला एकसारखी होती. आधीच्या सातांत काय होतं हेच माहीत नसेल, तर आठव्याचा अंदाज बांधता येत नाही. चौथ्या रकान्यात हे कारण असंच लिहा. "धोका कमी" एवढेच दोन शब्द लिहिले तर पुढच्या वर्षी वर्कशीट उघडणाऱ्याला तुम्ही विचार केला होता की नाही हे कळणार नाही.

रुग्णांच्या सुरुवातीच्या तक्त्यात दोन्ही गटांचं वय, जखमेपासूनचा वेळ, रक्तदाब शेजारी-शेजारी ठेवून नजर फिरवा. तिथे पी-व्हॅल्यू शोधू नका. रँडमायझेशन नीट झालं असेल तर उरलेला फरक योगायोगाचाच असतो. बघायचं एवढंच, की फरक इतका मोठा किंवा इतका एकाच बाजूचा आहे का की रँडमायझेशनवरच शंका यावी. इथे तसं नाही.

आता गहाळ माहिती. फ्लोचार्टवर बोट ठेवून आकडे स्वतः वजा करा. २०,२११ रुग्ण घेतले, त्यातले १०,०९६ औषधाच्या आणि १०,११५ प्लॅसिबोच्या गटात. मृत्यूचं विश्लेषण १०,०६० आणि १०,०६७ रुग्णांवर झालं. म्हणजे ३६ आणि ४८, एकूण ८४ जण सुटले. "अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणून ठीक" असं लिहिलं की बहुतेक लोक पुढे जातात, पण हा टक्का एकट्याने काहीच सांगत नाही. सुटलेले किती, हे झालेल्या मृत्यूंतल्या फरकाशी ताडून बघायला हवं. सगळ्यात वाईट शक्यता मांडा: औषधाच्या गटातले सुटलेले ३६ जण सगळे दगावले आणि प्लॅसिबोचे ४८ सगळे वाचले. हे गणित पुढे नेमकेपणाच्या विभागात दिलेल्या सूत्राने करता येतं. निकाल जेमतेम का होईना, टिकतो. हे एक वाक्य टक्क्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतं.

मोजमापाच्या ओळीत मृत्यू ही सोपी बाब आहे. माणूस गेला की नाही यावर मत लागत नाही. पण "रक्तस्रावाने मृत्यू" हे डॉक्टरचं मत आहे. डोक्याला मार लागलेला आणि पोटात रक्त साठलेला रुग्ण दगावला तर कारण कुठलं लिहायचं? ट्रायल दुहेरी अंध असल्यामुळे ही चूक दोन्ही गटांत सारखीच होईल, म्हणून धोका कमी. पण ट्रायल उघड असता तर हीच ओळ "जास्त" झाली असती आणि एकूण मृत्यूची ओळ "कमी"च राहिली असती. आउटकमनुसार वेगळा निर्णय का घ्यायचा, हे या दोन ओळींतून कळतं.

सोयीचा निकाल छापला का, हे नोंदणीवरून तपासा. ट्रायलचा नोंदणी क्रमांक ISRCTN86750102 आहे. तिथला मुख्य आउटकम आणि पेपरमधला मुख्य आउटकम शब्दशः जुळतो का ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आउटकम: कुणासाठी महत्त्वाचे, आणि काय मोजलंच नाही

मुख्य आउटकम रुग्णालयातला मृत्यू, चार आठवड्यांपर्यंत. रुग्ण आधी घरी गेला तर त्याचा हिशोब डिस्चार्जच्या दिवशीच थांबतो. आपल्याकडे नातेवाईक सही करून रुग्ण घरी नेतात हे सगळ्यांना माहीत आहे. असे रुग्ण दोन्ही गटांत सारखे असतील तर तुलना बिघडत नाही, पण मृत्यूचा एकूण आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. हे चौथ्या रकान्यात लिहा.

इथे एक चकवा आहे, त्याला थोडी जास्त जागा देतो. रक्त भरावं लागलेल्या रुग्णांचं प्रमाण औषधाच्या गटात ५०.४ टक्के आणि प्लॅसिबोत ५१.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. जर्नल क्लबमध्ये कुणीतरी हमखास विचारतं की रक्त वाचलंच नाही तर औषधाने केलं काय? याचं उत्तर असं की रक्त भरायला रुग्ण जिवंत असावा लागतो. लवकर दगावलेल्याला रक्त मिळतच नाही. औषधाने जे वाचले ते रक्त घेण्याइतके जगले, म्हणून तो आकडा वर राहतो. शिवाय बऱ्याच रुग्णालयांत रक्त निकड पाहून आणि उपलब्धता पाहून दिलं जातं. तेव्हा या ओळीत "परिणाम नाही" असं न लिहिता "जगण्याशी गुंतलेला आउटकम, एकटा वाचू नये" असं लिहा.

तोट्याची ओळ न विसरता भरा. रक्ताच्या गाठीचे प्रसंग, म्हणजे हार्ट अटॅक, पक्षाघात, फुप्फुसातली गाठ वगैरे, औषधाच्या गटात १६८ जणांना आणि प्लॅसिबोत २०१ जणांना झाले. वाढ दिसत नाही. मात्र गाठ शोधायला तपासणी लागते, आणि सहभागी रुग्णालयं चाळीस देशांतली, सोयी फार वेगवेगळ्या. न शोधलेली गाठ कुठल्याच गटात मोजली जात नाही. म्हणून "वाढ सापडली नाही" हे बरोबर आणि "वाढ होत नाही" हे अति.

नेमकेपणा: आकडे स्वतः काढा

पेपरमधला कॉन्फिडन्स इंटरव्हल उतरवून घेऊ नका. एकदा स्वतः काढा, म्हणजे तो कशाने रुंद होतो आणि कशाने अरुंद होतो हे हाताला कळतं. मृत्यू १०,०६० पैकी १,४६३ आणि १०,०६७ पैकी १,६१३. स्प्रेडशीटमध्ये B2 ते B5 या घरांत हे आकडे याच क्रमाने न टाकता आधी मृत्यू, मग एकूण असे जोडीने टाका: B2 मध्ये 1463, B3 मध्ये 10060, B4 मध्ये 1613, B5 मध्ये 10067. मग खालच्या घरांत:

```
B6: =(B2/B3)/(B4/B5)
B7: =SQRT(1/B2-1/B3+1/B4-1/B5)
B8: =EXP(LN(B6)-1.96*B7)
B9: =EXP(LN(B6)+1.96*B7)
```

B6 मध्ये सापेक्ष धोका ०.९१ येईल, B8 आणि B9 मध्ये ०.८५ आणि ०.९७. पेपरमध्येही हेच आहेत. जुळले नाहीत तर आधी स्वतःचे आकडे तपासा, आणि तरीही जुळले नाहीत तर लेखकांनी वेगळी पद्धत वापरली का ते शोधा.

आता मघाची वाईट शक्यता. B2 मध्ये 1499, B3 मध्ये 10096, B5 मध्ये 10115 टाका, B4 तसाच ठेवा. सापेक्ष धोका ०.९३ होतो आणि वरची हद्द ०.९९ वर थांबते. इतकी टोकाची कल्पना करूनही ती एकच्या खाली राहते. बायसच्या विभागात परत जाऊन हा आकडा भरा.

सापेक्ष आकडा रुग्णाच्या घरच्यांना सांगता येत नाही, म्हणून तो हजार रुग्णांत मांडा. प्लॅसिबोत हजारी १६० मृत्यू, औषधाने १४५. पंधरा कमी. या पंधराचीही हद्द असते, आणि ती साधारण पाच ते पंचवीस निघते. "एनएनटी ६८" एवढंच लिहिणारे ही हद्द गाळतात. खरं तर एक मृत्यू टाळायला चाळीस जणांना द्यावं लागेल की दोनशे जणांना, हे या ट्रायलवरून ठरत नाही. औषध स्वस्त आहे म्हणून दोनशेही परवडतात, पण तो निर्णय वाचणाऱ्याने उघड्या डोळ्यांनी घ्यायला हवा.

लागूपणा: घड्याळाचा रकाना

इथपर्यंत सगळं छान जुळलेलं असतं आणि नवखा माणूस "लागू आहे" असं लिहून वर्कशीट मिटतो. सुरुवातीला "आठ तासांच्या आत" खाली रेघ मारली होती ती आता उपयोगाची. ट्रायलमधल्या रुग्णांचा जखमेपासूनचा सरासरी वेळ तीन तासांच्या थोडा आत होता. पण सरासरीच्या आत पहिल्या तासात आलेलेही आहेत आणि सातव्या तासात आलेलेही. त्यांना औषधाचा उपयोग सारखाच झाला का?

याचं उत्तर त्याच संशोधकांनी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये वेगळं छापलं, म्हणून पहिल्या पेपरवर थांबू नका. रक्तस्रावाने झालेले मृत्यू वेळेनुसार असे होते. पहिल्या तासात उपचार मिळालेल्यांत औषधाने ५.३ टक्के, प्लॅसिबोने ७.७ टक्के. एक ते तीन तासांत ४.८ आणि ६.१. तीन तासांनंतर मात्र ४.४ आणि ३.१. म्हणजे पहिल्या तासात हजारी चोवीस मृत्यू कमी, आणि तीन तासांनंतर हजारी तेरा जास्त. शेवटच्या गटाचा सापेक्ष धोका १.४४ आणि त्याची हद्द १.१२ ते १.८४ आहे.

उपगटांवर सहसा विश्वास ठेवू नये हे तुम्हाला शिकवलेलं असतं आणि ते बरोबर आहे. वर्कशीटमध्ये म्हणून तीन प्रश्न स्वतंत्र लिहा. हे विश्लेषण आधी ठरवलं होतं का? वेळेनुसार गट पाडणं आधीच ठरलं होतं, पण ते एकूण मृत्यूंसाठी. रक्तस्रावाच्या मृत्यूंसाठी केलेलं विश्लेषण नंतरचं, शोध घेणारं होतं. ही कमजोरी आहे आणि ती लिहायलाच हवी. गटागटांतला फरक योगायोगाने पडण्याइतका लहान आहे का? नाही, एकमेकांशी तुलनेची पी-व्हॅल्यू ०.०००१ हून कमी आहे. इथे प्रत्येक गटाची वेगवेगळी पी-व्हॅल्यू बघायची नसते, गटांमधल्या फरकाची बघायची असते. आणि दुसऱ्या माहितीत तेच दिसतं का? २०१८ साली क्रॅश-२ आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावावरचा वुमन ट्रायल मिळून चाळीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात उशिराच्या दर पंधरा मिनिटांमागे फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटत गेला आणि तीन तासांनंतर उरला नाही. नुकसानीचा मुद्दा तितका पक्का नाही, पण तीन तासांनंतर फायदा नाही हा मुद्दा बराच पक्का आहे. माझा निर्णय म्हणून मी "विश्वासार्ह उपगट, एक कमजोरी नोंदवून" असं लिहीन.

आता हे साताऱ्याला लावा. महामार्गावर अपघात झाला आणि १०८ ने रुग्ण थेट आणला तर पहिला तास हाताशी असू शकतो. पाटणच्या आत कुठे ट्रॅक्टर उलटला, आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग ग्रामीण रुग्णालयात, तिथून चिठ्ठी घेऊन साताऱ्याला किंवा कराडला, असा प्रवास झाला तर तीन तास वाटेतच संपतात. दोघांचाही रक्तदाब ८० असेल, दोघेही ट्रायलच्या निकषात बसतील, आणि तरीही या वर्कशीटचं उत्तर दोघांसाठी वेगळं आहे. म्हणून लागूपणाचा रकाना "आपले रुग्ण" असा एकच ठेवू नका. तासाच्या आत, एक ते तीन, तीनच्या पुढे, अशा तीन ओळी करा आणि प्रत्येकीत वरचे आकडे लिहा.

यातून एक व्यावहारिक अडचण समोर येते, आणि तिचीही ओळ हवी. जखमेची वेळ आपल्याला कळते कुठून? रेफरल चिठ्ठीवर बहुतेक वेळा रुग्ण आधीच्या रुग्णालयात पोहोचल्याची वेळ असते, जखम झाल्याची नसते. ती वेळ धरली तर चार तासांचा रुग्ण दोन तासांचा दिसतो. सोबत आलेल्याला "कधी लागलं?" असं विचारलं तर "दुपारी" हे उत्तर येतं. "एसटी गेली होती का?", "कारखान्याचा भोंगा झाला होता का?" असं विचारलं तर वेळ सापडते. चिठ्ठीवर आधीच पहिला डोस दिल्याची नोंद आहे का तेही याच ओळीत बघा. वाटेत डोस दिला असेल तर मोजायची वेळ पहिल्या डोसची, आपल्याकडे पोहोचण्याची नव्हे. याचाच दुसरा अर्थ, उपयोगाची जागा आपली कॅज्युअल्टी नसून बऱ्याचदा ग्रामीण रुग्णालय किंवा रुग्णवाहिका आहे. वर्कशीटवर हे वाक्य आलं तर जर्नल क्लबनंतर बोलायला काहीतरी ठोस असतं.

शेवटची ओळ निर्णयाची, आणि तीही तीन भागांत. क्रॅश-२ साठी माझ्या वर्कशीटवर ती अशी आहे: "एकूण मृत्यूसाठी बायसचा धोका कमी, हजारी पाच ते पंचवीस मृत्यू कमी, जखमेची वेळ खात्रीने तीन तासांच्या आत असेल तर प्रोटोकॉलनुसार लगेच, तीनच्या पुढे असेल किंवा वेळ कळतच नसेल तर आपोआप देऊ नये, वरिष्ठांना विचारावं." खाली तारीख आणि वर्कशीट भरणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली एक रिकामी ओळ ठेवा, दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासून सही करण्यासाठी. दोघांचे निर्णय जिथे जुळत नाहीत त्या ओळींवर जर्नल क्लबचा वेळ घालवा, बाकीच्या वाचून दाखवायची गरज नाही.